कॅपस्टोन प्रकल्पाचा प्रस्ताव

पदवी किंवा पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या अखेरीस विद्यार्थ्याने स्वतंत्रपणे करावयाच्या प्रकल्पाला कॅपस्टोन प्रकल्प म्हणतात, आणि काम सुरू करण्यापूर्वी त्याची आखणी लिहून मार्गदर्शकाच्या मान्यतेसाठी सादर केलेला लेख म्हणजे त्या प्रकल्पाचा प्रस्ताव होय. बांधकामाच्या माथ्यावर शेवटी बसविण्यात येणाऱ्या दगडाच्या इंग्रजी नावावरून ही संज्ञा आली आहे. आधारसामग्रीच्या विश्लेषणावर उभ्या असलेल्या प्रकल्पाच्या प्रस्तावात सामान्यपणे चार भाग असतात : समस्याविधान, आधारसामग्रीचा उगम, मूल्यमापनाची योजना आणि कालपत्रक. हे चार भाग स्वतंत्र नसतात. समस्याविधानात ज्या निर्णयाचा उल्लेख होतो, त्यावरून कोणती आधारसामग्री लागेल ते ठरते. त्याच निर्णयावरून कोणती चूक महाग पडते हे कळते व मूल्यमापनाचे माप मिळते. आणि आधारसामग्रीची प्रत्यक्ष अवस्था पाहिल्याखेरीज कालपत्रक आखता येत नाही. प्रस्ताव फसतो तो बहुधा यांपैकी एखादा दुवा सुटल्यामुळे. प्रस्तुत नोंदीत हे चारही भाग एकाच उदाहरणाच्या आधारे स्पष्ट केले आहेत. नासिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातील लासलगाव येथील बाजार समितीतील कांद्याच्या दराचे पूर्वानुमान, हे ते उदाहरण.

समस्याविधान : ‘यंत्र-अध्ययनाच्या साहाय्याने कांद्याच्या दराचा अंदाज करणे’ अशा प्रकारचे विधान विद्यार्थ्यांच्या पहिल्या मसुद्यात हमखास आढळते. त्यात साधनाचे नाव आहे, विषयाचे नाव आहे. पण समस्या नाही. कोणाला, कोणत्या दिवशी, कशाचा निर्णय घ्यावयाचा आहे आणि आज तो कसा घेतला जातो, या प्रश्नांची उत्तरे मिळाली म्हणजे समस्या आकाराला येते.

रब्बी हंगामातील म्हणजेच उन्हाळी कांदा साधारणपणे मार्च ते मे या काळात काढला जातो. खरीप व रांगडा कांद्यापेक्षा तो अधिक काळ टिकतो. म्हणून शेतकरी तो चाळीत साठवितात आणि जून ते ऑक्टोबर या काळात टप्प्याटप्प्याने बाजारात आणतात. प्रत्येक टप्प्याला प्रश्न एकच असतो : आज विकावे की थांबावे? थांबल्यास दर वाढण्याची आशा असते, परंतु चाळीतील कांद्याचे वजन घटते, काही कांदा सडतो व काहीला कोंब फुटतात. यावरून समस्याविधान पुढीलप्रमाणे लिहिता येते : ‘चाळीत उन्हाळी कांदा साठविलेल्या शेतकऱ्याला जून ते ऑक्टोबर या काळात, प्रत्येक आठवड्याच्या अखेरीस, लासलगाव बाजारातील दोन आठवड्यांनंतरच्या साप्ताहिक दराचे पूर्वानुमान द्यावयाचे, आजचाच दर पुढेही राहील या समजुतीपेक्षा ते पूर्वानुमान अधिक अचूक आहे काय, आणि विकण्याचा निर्णय त्यावर सोपविता येईल काय, हे तपासावयाचे.’

या विधानात बाजार एक आहे, कांद्याचा प्रकार एक आहे, काळ मर्यादित आहे व पूर्वानुमानाचे अंतर निश्चित आहे. उत्तर ‘नाही’ असे येण्याची शक्यताही त्यात मोकळी ठेवली आहे. ज्या विधानाला नकारार्थी उत्तर संभवतच नाही, ते समस्याविधान नसून संकल्प असतो.

निर्णयाचे गणित प्रस्तावातच मांडणे उपयुक्त ठरते. समजा, आजचा दर क्विंटलला १,५०० रुपये आहे आणि दोन आठवड्यांत चाळीतील कांद्याच्या वजनात ४ टक्के घट होते. आज विकता येणाऱ्या एका क्विंटलचे दोन आठवड्यांनी ९६ किलो उरतील. दर १,५५० रुपये झाला, तर त्यांचे १,४८८ रुपये येतील. म्हणजे दर वाढूनही १२ रुपयांचा तोटाच होईल. थांबणे परवडण्यासाठी दर निदान १,५६२ रुपये ५० पैशांपर्यंत जावयास हवा. ही घट येथे केवळ उदाहरणासाठी गृहीत धरली आहे. प्रत्यक्षात ती कांद्याच्या जातीवर, चाळीच्या रचनेवर आणि हवामानावर अवलंबून असते. म्हणून ती दोनतीन वेगवेगळ्या प्रमाणांत धरून उत्तर तपासावे लागते. या गणितावरून एक गोष्ट स्पष्ट होते. दर चढेल की उतरेल एवढेच बरोबर सांगणे पुरेसे नाही. चढ घटीपेक्षा मोठा आहे की नाही, हे सांगता आले पाहिजे.

आधारसामग्रीचा उगम : प्रस्तावात ‘शासकीय संकेतस्थळावरून माहिती घेतली जाईल’ एवढे लिहिणे अपुरे होय. केंद्र शासनाच्या ॲगमार्कनेट या संकेतस्थळावर बाजार समित्यांची दैनंदिन आवक आणि किमान, कमाल व सर्वसाधारण दर प्रसिद्ध होतात. महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळही आपल्या संकेतस्थळावर अशीच माहिती देते. दर क्विंटलमागे रुपयांत असतात. सर्वसाधारण दर म्हणजे त्या दिवशी ज्या दराच्या आसपास बहुतेक व्यवहार झाले तो दर होय. ती भारित सरासरी नव्हे, आणि प्रत्येक शेतकऱ्याला मिळालेला दरही नव्हे. हा फरक प्रस्तावात नमूद केला नाही, तर पुढे निष्कर्ष काढताना तो विसरला जातो.

प्रस्ताव लिहिण्यापूर्वीच निदान एका वर्षाची आधारसामग्री प्रत्यक्ष उतरवून डोळ्यांखालून घालावी, हा या भागातील सर्वांत महत्त्वाचा नियम आहे. लासलगावच्या बाबतीत तसे केल्यास तीन अडचणी लगेच ध्यानात येतात. पहिली नावाची. संकेतस्थळांवर लासलगाव, लासलगाव (निफाड) व लासलगाव (विंचूर) अशा वेगवेगळ्या नोंदी आहेत. नावाचा अंश जुळला म्हणून तिन्हींची सरसकट बेरीज केली, तर तीन बाजारांची सरमिसळ होते. दुसरी अडचण प्रकाराची. उन्हाळी व लाल कांद्याच्या नोंदी वेगळ्या असतात आणि हंगाम बदलताना एकाच दिवशी दोन्ही आढळू शकतात. प्रकाराचा स्तंभ वगळला, तर दरातील जो बदल वस्तुतः प्रकार बदलल्यामुळे झाला, तो बाजार चढल्याचे किंवा पडल्याचे चिन्ह समजला जातो.

तिसरी अडचण गाळलेल्या दिवसांची असून ती सर्वांत फसवी आहे. साप्ताहिक सुटी, सणवार आणि अमावास्येला लिलाव बंद ठेवण्याची लासलगावातील पूर्वीची दीर्घकाळची प्रथा यांमुळे काही दिवस रिकामे असतात. त्यांनी फारसे बिघडत नाही. परंतु काही खंड बाजारातील घडामोडींमुळेच पडतात. २०२० मधील टाळेबंदीने बाजारांचे व्यवहार विस्कळित झाले. सप्टेंबर २०२३ मध्ये व्यापाऱ्यांच्या बंदमुळे नासिक जिल्ह्यातील कांद्याचे लिलाव अनेक दिवस थांबले. असे दिवस आधीच्या व नंतरच्या दरांना सरळ रेषेने जोडून भरले, तर ज्या आठवड्यात शेतकऱ्याला विकताच आले नाही, त्या आठवड्यातही शांतपणे व्यवहार होत होते असे चित्र उभे राहते. शिवाय, असा भरलेला दर पुढच्या दरावरून काढलेला असल्याने, तो पूर्वानुमानाला आधार म्हणून दिल्यास भविष्यातील माहिती मागील दाराने आत येते. म्हणून प्रस्तावात पुढील नियम लिहून ठेवता येतो : आठवड्याचा दर म्हणजे त्या आठवड्यातील दैनंदिन सर्वसाधारण दरांचा मध्यक, तीनपेक्षा कमी दिवस लिलाव झाले असतील, तर तो आठवडा रिकामा मानावयाचा व भरावयाचा नाही, किमान दर सर्वसाधारण दरापेक्षा आणि सर्वसाधारण दर कमाल दरापेक्षा अधिक असलेली नोंद चुकीची समजून वेगळी काढावयाची व अशा नोंदींची संख्या अहवालात द्यावयाची.

मूल्यमापनाची योजना : प्रतिमान तयार झाल्यावर ते कसे तपासावयाचे हे ठरविले, तर नकळत त्या प्रतिमानाला सोयीचे माप निवडले जाते. म्हणून ही योजना काम सुरू होण्यापूर्वी लिहावी लागते. तीत तुलनेचा पाया, कालविभागणी आणि माप या तीन बाबी निश्चित कराव्या लागतात.

तुलनेचा पाया म्हणून सर्वांत साधे पूर्वानुमान घेतात : दोन आठवड्यांनंतरचा दर आजच्या दराएवढाच राहील. हे पूर्वानुमान भोळे दिसते, परंतु बाजारभावांच्या कालश्रेणीत त्याला मागे टाकणे अवघड असते. ‘गेल्या वर्षी याच आठवड्यात होता तोच दर’ हे दुसरे साधे पूर्वानुमान कांद्याच्या बाबतीत बहुधा कमकुवत ठरते, कारण एका वर्षीची दराची पातळी दुसऱ्या वर्षी टिकत नाही. केवळ त्याच्याशी तुलना करून यश जाहीर करणे म्हणजे दुबळा प्रतिस्पर्धी निवडणे होय.

कालविभागणीत होणारी चूक या क्षेत्रात फार प्रचलित आहे. आठवड्यांची यादृच्छिक वाटणी करून काही प्रतिमान घडविण्यासाठी व काही चाचणीसाठी ठेवले, तर चाचणीच्या आठवड्याच्या अलीकडचा व पलीकडचा असे दोन्ही आठवडे प्रतिमानाने आधीच पाहिलेले असतात. प्रत्यक्ष वापरात पलीकडचा आठवडा उपलब्ध नसतो. त्यामुळे विभागणी काळाच्या क्रमानेच करावी लागते. उदाहरणातील प्रस्तावात २०११ ते २०१८ ही वर्षे प्रतिमानाच्या घडणीसाठी ठेवली आहेत आणि २०१९ ते २०२४ या सहा हंगामांत चाचणी घ्यावयाची आहे. प्रत्येक हंगामाच्या चाचणीपूर्वी प्रतिमान फक्त त्याआधीच्या वर्षांवरून पुन्हा घडवावयाचे असून प्रतिमानाची रचना मात्र २०१८ पर्यंतच्या आधारसामग्रीवरच कायम करावयाची आहे.

याच कारणास्तव पूर्वानुमानाच्या दिवशी जे ज्ञात नव्हते ते प्रतिमानाला पुरविता येत नाही. ज्या आठवड्याचा दर सांगावयाचा त्या आठवड्याची आवक ही ठळक उदाहरण आहे. ती आधारसामग्रीत दराच्या शेजारच्याच स्तंभात असल्याने सहज घेतली जाते, पण पूर्वानुमान करणाऱ्या शेतकऱ्याजवळ ती नसते. दोन्ही बाजूंचे आठवडे घेऊन काढलेल्या चल सरासरीतही हाच दोष लपलेला असतो. असा दोष राहिला आहे किंवा नाही हे ओळखण्याची एक खूण आहे. शासकीय निर्णयामुळे दर अचानक कोसळला त्या आठवड्याचे पूर्वानुमानही अचूक येत असेल, तर माहितीची गळती झाली आहे असे समजून शोध घ्यावा. याउलट, पूर्वानुमानाचा आलेख प्रत्यक्ष दराच्या आलेखासारखाच पण दोन आठवडे उजवीकडे सरकलेला दिसत असेल, तर प्रतिमानाने आजचा दर पुढे ढकलण्यापलीकडे काही साधलेले नाही.

माप म्हणून सरासरी निरपेक्ष चूक घेता येते. प्रत्येक आठवड्यातील पूर्वानुमान व प्रत्यक्ष दर यांतील फरक चिन्ह सोडून घ्यावयाचा व त्यांची सरासरी काढावयाची. तिचे एकक रुपयेच असल्याने ती निर्णयाशी सरळ ताडता येते. समजा, साध्या पूर्वानुमानाची सरासरी चूक क्विंटलला १४० रुपये आहे आणि प्रतिमानाची १२६ रुपये. सुधारणा १० टक्क्यांची झाली. परंतु वरील गणितात घटीची भरपाई होण्यास लागणारी वाढ साडेबासष्ट रुपयांची होती. चूक तिच्या दुप्पट असेल, तर सुधारलेले पूर्वानुमानही विकण्याचा निर्णय पुष्कळदा चुकवील. म्हणून दुसरे माप थेट निर्णयाचे ठेवतात. जूनच्या प्रारंभी शंभर क्विंटल कांदा असलेला एक शेतकरी दर आठवड्याला समान हिस्सा विकतो व दुसरा पूर्वानुमान पाहून विकतो, असे कल्पून दोघांची हंगामाची मिळकत घट वजा करून काढावयाची. दुसऱ्याची मिळकत सहापैकी किती हंगामांत अधिक आली, आणि सर्वांत वाईट हंगामात ती पहिल्यापेक्षा किती कमी आली, हे दोन्ही आकडे द्यावयाचे. ज्याचे वर्षाचे उत्पन्न चाळीत आहे, त्याच्या दृष्टीने सरासरीपेक्षा हा शेवटचा आकडा अधिक बोलका असतो.

चाचणीची मर्यादाही प्रस्तावात मांडावी लागते. जून ते ऑक्टोबर या काळात सुमारे २२ आठवडे येतात. सहा हंगामांत ती संख्या १३२ होते. शेजारच्या आठवड्यांची दोन आठवड्यांपुढची पूर्वानुमाने एकमेकांवर पडत असल्याने त्यांच्या चुका परस्परांपासून स्वतंत्र नसतात. परिणामी १३२ नोंदींचे वजन प्रत्यक्षात त्याहून बरेच कमी असते, आणि एका हंगामातील लहानशी आघाडी योगायोगाचीही असू शकते. निकाल वर्षवार देण्याचे कारण हेच.

निर्यातविषयक निर्णय ही दुसरी मर्यादा होय. २९ सप्टेंबर २०१९ व १४ सप्टेंबर २०२० रोजी कांद्याच्या निर्यातीवर बंदी आली. १९ ऑगस्ट २०२३ रोजी ४० टक्के निर्यातशुल्क बसविण्यात आले आणि १३ सप्टेंबर २०२४ रोजी ते २० टक्क्यांवर आणून किमान निर्यातमूल्याची अट काढण्यात आली. हे सर्व निर्णय चाचणीच्याच महिन्यांत पडतात. जुन्या दरांवरून असे निर्णय आधी कळत नाहीत, आणि ते आठवडे गैरसोयीचे म्हणून वगळताही येत नाहीत, कारण शेतकऱ्याचे मोठे नुकसान त्यांतच होते. अशा निर्णयांच्या तारखांची यादी प्रस्तावालाच जोडावी आणि अहवालात सर्व आठवड्यांचा, तसेच निर्णयानंतरचे तीन आठवडे सोडून उरलेल्यांचा, असे दोन निकाल शेजारी शेजारी द्यावेत. यादी आधीच जोडलेली असल्याने नंतर हवे ते आठवडे वगळण्यास वाव राहत नाही.

कालपत्रक : वास्तववादी कालपत्रकाचा आरंभ आठवड्यांनी नव्हे, तर उपलब्ध तासांनी होतो. सोळा आठवड्यांचे सत्र असून विद्यार्थी आठवड्याला १० तास देऊ शकतो असे धरल्यास एकूण १६० तास होतात. अंतर्गत परीक्षांचे दोन आठवडे वजा केल्यास १४० उरतात. पहिल्या मसुद्यात बहुतेकदा आधारसामग्री जमविण्यासाठी एक आठवडा, प्रतिमानांसाठी दहा आणि लेखनासाठी शेवटचा एक आठवडा ठेवलेला असतो. प्रत्यक्षातील प्रमाण याच्या जवळजवळ उलट असते. चौदा वर्षांच्या दैनंदिन नोंदी उतरविणे, तिन्ही बाजार व दोन्ही प्रकार वेगळे करणे, चुकीच्या नोंदी तपासणे आणि साप्ताहिक श्रेणी बनविणे यांस ४० ते ५० तास सहज लागतात. समाश्रयणाचे एक प्रतिमान चालविण्यास मात्र एखादा दिवस पुरतो.

यावरून उदाहरणातील कामाची मांडणी अशी होते. पहिल्या पाच आठवड्यांत आधारसामग्री उतरवून स्वच्छ करावयाची. सहाव्यात साधे पूर्वानुमान व संपूर्ण मूल्यमापन चालविणारा आज्ञासंच पुरा करावयाचा. सातव्या व आठव्या आठवड्यांत परीक्षा. नववा ते अकरावा या काळात दोन प्रतिमाने घडवावयाची : मागील काही आठवड्यांचे दर व आवक घेणारे रेषीय समाश्रयण आणि निर्णयवृक्षांच्या समूहावर आधारलेले दुसरे. बाराव्यात २०१९ ते २०२४ वरील चाचणी एकदाच घ्यावयाची. तेरावा ते पंधरावा लेखनासाठी, आणि सोळावा मोकळा. मोकळा आठवडा ही चैन नव्हे. संकेतस्थळ बंद असणे, मार्गदर्शक बाहेरगावी असणे, जुन्या वर्षांच्या नोंदींची मांडणी वेगळी निघणे यांपैकी काही ना काही घडतेच.

या मांडणीत सहाव्या आठवड्याची अखेर निर्णायक आहे. प्रतिमानाच्या आधी मूल्यमापन पुरे करण्याचा हेतू असा की, त्यानंतर काहीही फसले तरी साध्या पूर्वानुमानाचा वर्षवार निकाल हाती राहतो व प्रकल्प सादर करता येतो. तोपर्यंत आज्ञासंच तयार झाला नाही, तर काय सोडावयाचे हेही प्रस्तावातच लिहावे : प्रथम दुसरे प्रतिमान, नंतर आवकेचा स्तंभ. चाचणीचे हंगाम आणि निर्यातनिर्णयांचा वेगळा हिशेब मात्र सोडावयाचा नाही. उशीर झाल्यावर घाईने वगळले जाते ते बहुधा मूल्यमापनच. आणि मूल्यमापनाविना उरलेले प्रतिमान परीक्षकाला दाखविता आले, तरी शेतकऱ्याच्या हाती देता येत नाही.

प्रस्तावाचे परीक्षण करताना मार्गदर्शक सामान्यतः एकच कसोटी लावतात : साध्या पूर्वानुमानावर प्रतिमानाला मात करता आली नाही, तर अहवालात काय लिहिले जाईल? वरील प्रस्तावात त्याचे उत्तर आहे. दोन आठवड्यांच्या अंतरावर, या बाजारात, केवळ जुने दर व आवक यांवरून विकण्याच्या निर्णयाला पुरेसा आधार मिळत नाही, असा तो निष्कर्ष असेल. आणि कोणत्या हंगामांत किती रुपयांनी तो आधार अपुरा पडला याचा हिशेब त्यासोबत असेल.